घरातला विस्तव



आपल्या आज्यांच्या काळी वस्तीत एकीची चूल पेटली की शेजारीण गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला येई. विस्तव दिल्याने आपली चूल विझत नाही, म्हणून कोणी नाही म्हणत नसे. मग विशाखेच्या वडिलांनी तिला सासरी पाठविताना ‘घरातला विस्तव बाहेर नेऊ नकोस आणि बाहेरचा विस्तव घरात आणू नकोस’ असे का सांगितले असेल?

धम्मपदाच्या अट्ठकथेत ही हकिकत आहे. विशाखेचे वडील साकेत नगरीचे धनंजय श्रेष्ठी. त्यांनी मुलीला दहा गोष्टी सांगितल्या, त्यांत या पहिल्या दोन. शेजारच्या खोलीत बसलेले सासरे मिगार श्रेष्ठी यांनी त्या ऐकल्या आणि मनात धरून ठेवल्या. पुढे घरात तंटा झाला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना विस्तव दिल्याशिवाय संसार चालतो काय, असा त्यांनी जाब विचारला. विशाखेने अर्थ सांगितला. सासू, सासरे आणि नवरा यांचे जे दोष मला दिसतील, ते मी बाहेरच्या घरी जाऊन बोलू नयेत. आणि बाहेरचे लोक त्यांच्याविषयी जे बोलतील, ते मी घरात आणून सांगू नये. हा तो विस्तव.

वाचकहो, हा उपदेश विशाखेला होता, म्हणून तो फक्त सुनांसाठी आहे असे समजू नका. आमच्या घरातला विस्तव मी बाहेर नेला. मी पुरुष आहे, शिक्षक आहे आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे.

आम्ही धम्मदीक्षा घेतली, घरातले देव विसर्जित केले, त्याला तेव्हा वर्ष झाले होते. मुलीला ताप आला. तो उतरल्यावर एका रात्री पत्नी मला म्हणाली, “रागावू नका. पोरगी डोळे उघडेना तेव्हा मी मरीआईला ओटी कबूल केली. भीती वाटली हो.” मी रागावलो नाही. उलट तिला समजावले आणि तिचे मन हलके झाले. तेवढ्यावर ते थांबायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी ते एका मित्राला सांगितले. मित्र विहारात माझ्याबरोबर काम करणारा, तळमळीचा. त्याने रविवारच्या वंदनेनंतर बोलताना, शिकल्या-सवरल्या घरांतूनही अजून नवस चालतात, असे सांगितले. नाव घेतले नाही. पण आमच्या विहारात शिकल्या-सवरल्यांची घरे किती असणार? बायकांनी माना वळवून पाहिले. पत्नी मुलीला मांडीवर घेऊन खाली बघत बसली.

घरी ती भांडली नाही. भांडली असती तर मला लवकर उमगले असते. ती फक्त कमी बोलू लागली. काय झाले विचारले की, “काही नाही.” सांगितलेच तर आधी, “हे बाहेर बोलू नका,” आणि ते म्हणूनही अर्धेच सांगे. पुढे मी निवडणुकीच्या कामावर दोन दिवस बाहेरगावी गेलो असताना मुलीला तापात आकडी आली. पत्नीने एकटीने रिक्षा करून तिला दवाखान्यात नेले. मुलगी बरी झाली. मला ते परत आल्यावर कळले. फोन का केला नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “तुम्ही ते कोणाला सांगाल, तेच आधी मनात आलं.”

विश्वास जातो म्हणजे काय होते, ते मला तेव्हा समजले. तिने मला वाईट ठरविले नव्हते. पण माझ्याशी बोलताना माझ्या मागे आणखी माणसे उभी आहेत, हे ती धरून चालू लागली होती.

आपल्या शहरातील मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केले. मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्यावरूनच मिलिंद आणि नागसेनवन ही नावे पडली. त्या दोघांचा संवाद असलेल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात, ज्यांच्यापाशी गुपित राहत नाही अशा माणसांची यादी आहे. कोणी रागलोभाच्या भरात, कोणी द्वेषाने, कोणी अज्ञानाने, कोणी भयाने, कोणी मिळकतीच्या आशेने, कोणी दारूच्या नादाने गुपित फोडतो, असे तीत म्हटले आहे. त्याच यादीत स्त्रियांनाही सरसकट बसविले आहे. ते मी मान्य करीत नाही. बुद्धीला न पटणारे वचन केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नये, हेच आपण धम्मात शिकलो. पण कारणांची ती यादी घेऊन मी स्वतःला तपासले. पत्नीवर माझा द्वेष नव्हता, मला कशाचे भय नव्हते. मला मिळकत हवी होती. आपल्या घरातली उणीवसुद्धा झाकून न ठेवणारा कडक बौद्ध, अशी मित्रापुढे वाहवा मला हवी होती. तिची भीती मी त्या वाहवेसाठी खर्च केली. सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांतले एक पत्नीचा अवमान न करणे हे आहे. मी ते मोडले, आणि मोडताना आपण धम्माचेच काम करतो आहोत, असे मला वाटत होते.

नवदीक्षित कुटुंबांत हा धोका दुहेरी आहे. विहारात सांगितले तर घरच्या माणसाच्या श्रद्धेची परीक्षा होते. ज्यांनी दीक्षा घेतली नाही अशा आईवडिलांना सांगितले तर ते म्हणतात, “देव सोडले, म्हणून असं झालं.” दोन माणसांतली कुरबुर मग धर्मांतराविरुद्धचा पुरावा होते. शिवाय नवराबायकोचे चार दिवसांत मिटते, पण आईच्या मनात सुनेविषयी किंवा जावयाविषयी जे बसले ते मिटत नाही. कारण भांडण झाल्याचे तिला कळविले जाते, समेट झाल्याचे कोणी कळवीत नाही.

मग गप्पच बसायचे काय? नाही. विशाखेची कथा पुढे वाचा. धनंजय श्रेष्ठींनी मुलीबरोबर आठ कुटुंबप्रमुख पाठविले होते. तिच्यावर दोष आला तर त्याचा निवाडा त्यांनी करावा, असे आधीच ठरले होते. सासऱ्यांनी घराबाहेर काढायला निघताच विशाखेने त्या आठांना बोलावण्यास सांगितले. सासरे समोर बसले, त्यांनी आरोप केले, तिने उत्तरे दिली, आणि आठांनी ती निर्दोष असल्याचे सांगितले. येथेही घरातली गोष्ट बाहेर गेली. पण ऐकणारे आधी ठरलेले होते आणि दुसरी बाजू समोर होती. मी मित्राशी बोललो तेव्हा यांपैकी काहीच नव्हते.

आणखी एक. मारहाण, हुंड्यासाठी छळ, जिवाची धमकी हा घरातला विस्तव नव्हे. तेथे घरच पेटलेले असते आणि हाक मारलीच पाहिजे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. मार खाणाऱ्या बाईला जो विशाखेचे नाव सांगून गप्प करतो, तो या कथेचा दुरुपयोग करतो.

मी विहारात सर्वांसमोर पत्नीची क्षमा मागायला निघालो होतो. ती म्हणाली, “आता पुन्हा तेच चारचौघांत नेऊ नका. मागायची तर इथं मागा.” मी घरीच मागितली. मित्रालाही, पुन्हा हा विषय काढू नकोस, एवढेच सांगितले. तिच्याविषयी आणखी काही बोललो नाही. मग आम्ही दोघांनी मिळून दोन माणसे ठरविली, एक तिच्या विश्वासातली, एक माझ्या. आमच्यात अडले तर दोघांनी मिळून त्यांच्याकडे जायचे, एकट्याने जायचे नाही.

याला दीड वर्ष झाले. हा लेख पाठविण्यापूर्वी मी तिला वाचायला दिला. तिने दोन वाक्ये खोडायला सांगितली. ती मी खोडली आहेत.