पेच सांगावा, सुटका नाही

संदीप सावंत यांच्या 'श्वास'वर (2004) दीडशे शब्दांत लिहायला बसलो तेव्हा पहिल्या खर्ड्यात मी दोन चुका केल्या. शेवटाकडे आजोबा जे करतात ते सांगून टाकलं, आणि मग चित्रपट किती हृदयस्पर्शी आहे ते तीन विशेषणांत लिहिलं. कथा फुटली होती. ती का भिडते हे मात्र कुठेच आलं नव्हतं.

दुसऱ्यांदा लिहिताना स्वतःला विचारलं, प्रेक्षक या गोष्टीत नेमका कुठे अडकतो? कोकणातल्या एका आजोबांचा नातू, परशुराम, डोळ्यांच्या कर्करोगाने आजारी आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. हे सांगण्यात रसभंग नाही, कारण हा कथेचा पाया आहे. निदान लपवून ठेवलं असतं, तर वाचकाला आजोबा आणि नातू इस्पितळात आले आहेत एवढंच कळलं असतं. खरा पेच त्याच्या पुढे आहे: हे त्या पोराला सांगायचं कसं, आणि कोणी? परीक्षण इथपर्यंत आणून थांबवायचं.

मग ओढ कशाने लावायची? मी विशेषणं काढली आणि पडद्यावर दिसलेलं लिहिलं. इस्पितळाच्या बंदिस्त वातावरणात मधूनच कोकणातली हिरवळ आणि पाणी येतं. दृष्टी जाणार हे एकदा कळलं की ती नुसती सुंदर दृश्यं राहत नाहीत. हे पोर काय गमावणार आहे, ते आपण मोजू लागतो. अरुण नलावडे यांचे आजोबा फार बोलत नाहीत, पण ऐकलेलं पचवता न येणारा माणूस त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. यातून कथेचा शेवट कळत नाही, तिचं वजन मात्र कळतं.

'शेवटी जबरदस्त धक्का आहे' हे वाक्यही मी खोडलं. धक्क्याची वर्दी मिळाली की प्रेक्षक पात्रांकडे बघायचं सोडून धक्क्याची वाट बघत बसतो. 'रुमाल बरोबर न्या' हाही त्यातलाच प्रकार. प्रेक्षकाने कुठे रडायचं, हे आपण कोण ठरवणार?

छापायला देण्याआधी तो मजकूर चित्रपट न पाहिलेल्या एका मित्राला वाचून दाखवला. पहिला खर्डा ऐकून दुसरा एक मित्र 'अरेरे' म्हणाला होता. या मित्राने मात्र विचारलं, "मग आजोबांनी काय केलं?" मला हाच प्रश्न हवा होता.

त्याचं उत्तर मी त्याला दिलं नाही आणि इथेही देत नाही. 'श्वास' पाहिला नसेल, तर अवश्य पाहा.