मीटिंगच्या आधीची मीटिंग

‘मी ऑफिसच्या पॉलिटिक्समध्ये पडत नाही,’ असं आपण अभिमानाने सांगतो. मॅनेजर झाल्यावर हा अभिमान परवडत नाही. निर्णय मीटिंगमध्ये जाहीर होतात, पण ठरतात बऱ्याचदा आधीच, चहाच्या टपरीवर.

डेव्हिड क्रॅकहार्ट या संशोधकाने १९९० साली एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे कोण कोणाचा सल्ला घेतं, हे ज्यांना जास्त अचूक ठाऊक होतं, त्यांचं वजनही सहकाऱ्यांच्या नजरेत जास्त होतं. कोणाची कोणाशी मैत्री आहे हे ओळखण्याने मात्र तसा फरक पडत नव्हता. म्हणजे कोण कोणाबरोबर जेवतं यापेक्षा, काम अडल्यावर कोण कोणाकडे जातं ते पाहावं.

समजा, शुक्रवार संध्याकाळचं रिलीज तुम्हाला मंगळवारी न्यायचंय. कागदावर मंजुरी साहेबांची. पण मागच्या वेळी रिलीज अडलं तेव्हा सगळे टेस्टिंगमधल्या ताईंकडे गेले होते. मग आधी ताईंशी बोलायला हवं. जपानी कंपन्यांत याला ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं, हा त्याचा मूळ अर्थ.

हे बोलणं दोन प्रकारे होऊ शकतं. एक म्हणजे ताईंना सांगायचं, “साहेबांचं ठरलंय,” आणि साहेबांना सांगायचं, “ताई तयार आहेत.” दोघं एकत्र चहाला गेले की हा डाव कोसळतो. दुसरा प्रकार म्हणजे दोघांना एकच कारण सांगायचं, साहेबांशी अजून बोलणं झालेलं नाही हेही सांगायचं, आणि ऐकायचं. ताई म्हणतात, “मंगळवारी सपोर्टची निम्मी माणसं क्लायंटकडे असतात हो.” मग रिलीज बुधवारी जातं. ताईंच्या बोलण्याने योजना बदलली, म्हणून त्यांची साथ खरी. काही झालं तरी योजना बदलणारच नसेल, तर ती चर्चा नव्हे, नुसती समजूत घालणं.

इमॅन्युएल कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांशी संबंधित ज्या कृतीमागचं तत्त्व उघड करता येत नाही, ती कृती अन्याय्य. याचा अर्थ सगळंच चव्हाट्यावर मांडायचं असा नाही. कोणाचं आजारपण, कोणाचा पगार गुप्तच राहावा. उघड करता यायला हवा तो आपला हेतू.

पण ही कसोटी पुरेशी नाही, हेही कांटने तिथेच नोंदवलंय. ज्याच्या हाती निर्विवाद सत्ता आहे, त्याला काही लपवायची गरजच नसते. म्हणून मॅनेजरने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. ताईंनी ‘नाही’ म्हटलं असतं, तर त्याची किंमत त्यांच्या अप्रेझलमध्ये मोजावी लागली असती का? उत्तर ‘हो’ असेल, तर आपण कितीही खरं बोललो तरी त्यांचा होकार हा होकार नाही.