घास गालात, डोळे मोबाईलमध्ये

कोथरूडमधल्या एका बालवाडीने पालकांसाठी पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचं ठरवलं आणि संहिता लिहायला मला बसवलं. मुलांना स्क्रीनपासून जपा, हे पालकांना स्क्रीनवरूनच सांगायचं, यातली गंमत पहिल्या बैठकीतच सगळ्यांच्या लक्षात आली. सल्ला द्यायला आलेल्या बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आकडा सुरुवातीलाच सांगून टाका. नाहीतर लोक शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत बसतील."

आकडा असा आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन दाखवू नये. नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल झाला तर चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तितकं बरं.

व्हिडिओ कॉलला सूट का, हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन बोलणाऱ्या व्यक्तींनी समोर बसून गोष्टी वाचून दाखवल्या, खेळणी दाखवली. पंचवीस मिनिटांची अशी बारा सत्रं झाली. या बाळांना मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद कळू लागले. त्याच व्यक्ती, तोच मजकूर, पण व्हिडिओवर पाहिलेल्या बाळांना काहीच उमगलं नाही. माणूस समोर असला की बाळाच्या नजरेला नजर मिळते आणि त्याच्या हुंकाराला उत्तर येतं. साताऱ्याची आजी कॉलवर "अगंबाई, दात आला का?" म्हणून थांबते आणि बाळ तोंड उघडून दाखवतं. बालगीतांचा व्हिडिओ असा कुणासाठी थांबत नाही.

म्हणून किती मिनिटं, याआधी मी विचारेन, की दिवसातल्या कुठल्या वेळी? अवघड वेळ बहुतेक घरांत एकच असते, जेवणाची. आई हिंजवडीहून आठला पोचते. मूल अडीच वर्षांचं, झोपेला आलेलं. मोबाईल लावला की तोंड उघडतं, वाटी वीस मिनिटांत रिकामी होते. ते तोंड जवळून पाहा. नजर हलत नाही, घास गालात तसाच असतो, जाहिरात आली की गिळला जातो. पोट भरल्याची खूण मुलाला कळत नाही आणि आईलाही दिसत नाही. शिवाय या वेळात भाताला भात आणि वरणाला वरण म्हणणारं कुणी नसतं.

बाईंचा तोडगा साधा होता, सोपा मात्र नव्हता. आधी एकच जेवण निवडायचं, शक्यतो घाई नसलेलं, म्हणजे रविवार दुपारचं. त्याआधी अडीच-तीन तास दूध-बिस्किटं बंद. मुलाला सगळ्यांबरोबर बसवायचं, ताटलीत दोन चमचे वरणभात, हातात चमचा. अर्ध्या तासाने ताटली उचलायची, संपली असो वा नसो. मोठ्यांचेही फोन दुसऱ्या खोलीत. पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाईल, रडेल. इथेच घरं हरतात, आजी-आजोबा म्हणतात, "उपाशी ठेवता का पोराला?" त्यामुळे त्यांना आधीच विश्वासात घ्यायला हवं. वजन घटत असेल किंवा घास वारंवार अडकत असेल, तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

व्हिडिओत आणखी एक वाक्य घालायचा मी हट्ट धरला. मूल दीड वर्षाचं होऊनही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर "मोबाईलमुळे असेल, बंद करून बघू" म्हणत महिने घालवू नयेत. श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी करून घ्यावी. जास्त स्क्रीन पाहणारी मुलं उशिरा बोलतात, असं अनेक अभ्यासांत दिसतं. पण त्यातून कारण सिद्ध होत नाही. चिडखोर, न बोलणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल लवकर जातो, हेही खरंच आहे. आईला दोषी ठरवणारा व्हिडिओ म्हणूनच चुकीचा ठरला असता. एकटीने स्वयंपाक करणाऱ्या बाईने कुकर होईतो पंधरा मिनिटं कार्टून लावलं, तर चार वर्षांच्या मुलाचं काही बिघडत नाही. ते संपल्यावर टीव्ही कुणी बंद करतं की नाही, ते बघावं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर भोंगा शोधला. संध्याकाळी सातला तो वाजला की टीव्ही, मोबाईल बंद, ते थेट साडेआठपर्यंत. मुलांनी तेवढ्या वेळात अभ्यास करावा, हा हेतू. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी, की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. पुण्यातल्या सोसायटीत असा भोंगा लागला तर दुसऱ्याच दिवशी आवाजाची तक्रार होईल. म्हणून आमच्या व्हिडिओच्या शेवटच्या दृश्यात फक्त एक स्वयंपाकघर आहे. फ्रिजवर चार फोन उपडे ठेवलेत, आणि खाली एक मूल वरणात बोट बुडवून बाबाच्या शर्टाला पुसतंय.