आभारांची यादी आणि पैशांची रांग

स्टार्टअपला फंडिंग मिळाल्याची घोषणा तुम्ही नक्की वाचली असेल. तिचा साचा ठरलेला आहे. आधी रक्कम, मग मोठ्या गुंतवणूकदाराचं नाव, आणि त्यानंतर ‘आमच्याकडे काहीच नव्हतं तेव्हा ज्यांनी विश्वास ठेवला’ त्यांचे आभार. आईबाबा, मामा, कॉलेजचा मित्र, पहिला ग्राहक. शेवटी ‘अजून खूप शिकायचं आहे, ही तर सुरुवात आहे’.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे माझ्या फीडमध्ये अशा पोस्ट सतत येतात. ही नम्रता खोटी असते असं मला वाटत नाही. पण पोस्टमध्ये ज्याचं नाव सगळ्यात आधी घेतलं, तो पैशांच्या रांगेत कुठे उभा आहे, हे आभाराच्या शब्दांवरून कळत नाही. ते करारात लिहिलेलं असतं.

एक सोपं, काल्पनिक उदाहरण घेऊ. मामाने सुरुवातीला दहा लाख दिले आणि त्याला कंपनीचे दहा टक्के मिळाले. काही वर्षांनी एक फंड वीस कोटी घालतो आणि वीस टक्के घेतो. म्हणजे कंपनीची किंमत शंभर कोटी धरली गेली. नवे शेअर छापले गेल्यामुळे मामाचा हिस्सा दहावरून आठ टक्क्यांवर येतो. तरी कागदावर ते आठ कोटी होतात. घरात पेढे वाटले जातात.

आता समजा, धंदा ठरवल्याइतका वाढला नाही आणि तीन वर्षांनी कंपनी पंचवीस कोटींना विकली गेली. आठ टक्क्यांचे दोन कोटी मामाला मिळतील असं आपण पटकन म्हणू. तसं होत नाही. फंडाकडे साधे शेअर नसतात, प्रेफरन्स शेअर असतात. त्यात बहुतेक वेळा एक कलम असतं: कंपनी विकली गेली तर फंडाने घातलेली रक्कम आधी परत करायची, उरलेले पैसे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. फंड आधी वीस कोटी घेतो. उरलेले पाच कोटी बाकीच्या ऐंशी टक्केवाल्यांत वाटले जातात. मामाच्या वाट्याला त्यातला दहावा भाग येतो, म्हणजे पन्नास लाख. कंपनी वीस कोटींना किंवा त्याहून कमी किमतीला गेली, तर मामाला काहीच मिळत नाही.

यात फंड लबाड आहे असं समजू नका. हे कलम नसेल तर काय होईल ते बघा. फाउंडर आणि आधीचे भागीदार आज वीस कोटी घेतील, उद्या कंपनी त्या वीस कोटींनाच विकतील आणि त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे सोळा कोटी, घेऊन मोकळे होतील. फंडाला स्वतःला सांभाळावंच लागतं, आणि त्याच्याकडे त्यासाठी वकील असतो. मामाकडे फक्त भाचा असतो.

नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. मामाने कंपनीची आकडेमोड तपासून पैसे दिले नव्हते, माणूस बघून दिले होते. आपला माणूस आपलं हित बघेल, हे त्याने गृहीत धरलं होतं. म्हणून मला वाटतं, जो व्यवहार समजून घेऊन आला त्याचं देणं करारापुरतं असतं. जो विश्वासावर आला त्याचं देणं करारापेक्षा जास्त असतं. निदान त्याला नव्या कागदाचा अर्थ समजावून सांगण्याइतकं तरी.

म्हणजे प्रत्यक्षात काय? सही करण्याआधी मामाला समोर बसवायचं आणि एका कागदावर तीन ओळी लिहून दाखवायच्या: कंपनी दोनशे कोटींना गेली तर तुला किती, पंचवीसला गेली तर किती, पंधराला गेली तर किती. दुसरी गोष्ट जरा महाग आहे. मोठ्या फेरीत कधीकधी नवा गुंतवणूकदार जुन्या भागधारकांचे थोडे शेअरही विकत घेतो. ही संधी बहुधा मर्यादित असते, आणि फाउंडरलाही घराचं कर्ज फेडायचं असतं. तिथे आधी मामाची मूळ रक्कम मोकळी करायची की स्वतःची सोय बघायची, या निर्णयात कृतज्ञतेची किंमत मोजावी लागते. पोस्ट लिहिताना ती लागत नाही.

आमच्या नाशिकमध्ये या प्रश्नाचं वेगळंच रूप दिसतं. सप्टेंबर 2022मध्ये दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने 310 कोटींची गुंतवणूक जाहीर केली. पैसे घालणारे युरोपातले होते: इनकोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को. पण विलास शिंदे यांनी उभी केलेली ही संस्था मुळात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. इथले सुरुवातीचे पाठीराखे म्हणजे द्राक्ष उत्पादक. नाशिकमध्ये व्यापारी माल उचलून पैसे न देता गायब होतो, ही तक्रार नवी नाही. अशा ठिकाणी वर्षभर सांभाळलेली बाग एका नव्या संस्थेच्या हाती देणं ही चेक लिहिण्याइतकीच मोठी गुंतवणूक आहे.

इथे आभार मानणं फाउंडरच्या मर्जीवर सोडलेलं नाही. उत्पादक कंपनीचा कायदा 2002मध्ये झालेल्या दुरुस्तीने आला. त्यानुसार अशा कंपनीत फक्त उत्पादक आणि त्यांच्या संस्थाच सभासद होऊ शकतात, आणि शेतकरी सभासदाला शेअर कितीही असले तरी मत एकच असतं. फंडाला इथे थेट शेअर घेता येत नाहीत. म्हणून ती गुंतवणूक सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर या वेगळ्या कंपनीत आली. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

पण याचीही दुसरी बाजू आहे. उत्पादक कंपनीतला शेअर सक्रिय सभासदालाच, संचालक मंडळाच्या परवानगीने आणि मूळ दर्शनी किमतीलाच देता येतो. मामाला कागदावर का होईना, आठ कोटी दिसले. इथे खालच्या कंपनीची किंमत कितीही वाढली, तरी शेतकऱ्याला आपला शेअर चढ्या भावाने विकता येत नाही. त्याचा परतावा मालाला मिळणाऱ्या दरातून, मर्यादित लाभांशातून आणि त्याने कंपनीला किती माल दिला त्यावर ठरणाऱ्या बोनसमधून येतो. शिवाय खालच्या कंपनीत नवे गुंतवणूकदार आले की तिथला मूळ कंपनीचा हिस्सा कमी होत जातो. शेतकऱ्याचं मत वर शाबूत राहतं, पण त्या मताचा खाली किती जोर चालेल, हे त्या हिश्शावर ठरतं. म्हणून सर्वसाधारण सभेत विचारायचा प्रश्न रकमेचा नाही. ‘या फेरीनंतर आपला हिस्सा किती राहिला, आणि कोणकोणत्या निर्णयांना गुंतवणूकदारांची परवानगी लागेल?’ हा आहे.

मामाला शेअरची वाढ मिळू शकते, पण संरक्षण नाही. शेतकऱ्याला संरक्षण आहे, पण शेअरची वाढ नाही. पहिल्या माणसाला दोन्ही देणारी व्यवस्था सहज सापडत नाही, कारण नंतर येणारा पैसा आपली अट घेऊनच येतो. त्यामुळे कुणीतरी जाणीवपूर्वक पहिल्याच्या बाजूने बोलावं लागतं, आणि वाटाघाटीच्या खोलीत ते काम करू शकणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो: फाउंडर.

नम्रतेचा अर्थ मी असा लावतो. ‘मी कोण, लहान माणूस’ असं म्हणणं सोपं आहे. कंपनी बुडाली तर कुणाचं किती जाईल, हे नीट माहीत असणं आणि ते त्या माणसाला आधी सांगितलेलं असणं, हे अवघड आहे. पुढच्या वेळी अशी घोषणा वाचाल आणि त्यात तुमच्या ओळखीच्या कुणाचं नाव असेल, तर अभिनंदन जरूर करा. मग त्यांना हळूच विचारा, ‘कंपनी पंचवीस कोटींना विकली गेली, तर तुम्हाला किती मिळतील?’ उत्तर लगेच आलं, तर ते आभार खरे आहेत.