बरा झालेला माणूस आणि बातमीतला रोगी

1898 साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात ‘लेपर्स ॲक्ट’ केला. कुष्ठरोगामुळे ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत, तो या कायद्याच्या लेखी ‘लेपर’. तो भीक मागत असेल किंवा पोटापाण्याचं साधन नसताना फिरत असेल, तर ‘पॉपर लेपर’. त्याला पोलिसाने वॉरंटशिवाय पकडावं आणि आश्रमात कोंडावं. जिथे हा कायदा लागू केला जाई, तिथे अशा माणसाला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्याची किंवा विक्रीसाठी खाद्यपदार्थ करण्याची मनाई करता येत असे. हा कायदा 2016 सालापर्यंत आपल्या कायद्याच्या पुस्तकांत होता. बातमीतल्या शब्दांचा विचार करताना मला आधी तो आठवतो, कारण वृत्तपत्रांनी ‘महारोगी’ हा शब्द दशकानुदशके जवळपास त्याच अर्थाने वापरला. ज्याचं नाव, गाव, व्यवसाय सांगायची गरज नाही, रोग सांगितला की सगळं सांगून झालं, असा माणूस म्हणजे महारोगी.

मुळात या शब्दात तिरस्कार नव्हता. आयुर्वेदात बरे व्हायला अतिशय अवघड असे आठ महागद, म्हणजे महारोग, मानले आहेत. त्यांत वातव्याधी आहे, प्रमेह आहे, मूळव्याध आहे आणि कुष्ठही आहे. मराठीत मात्र ‘महारोग’ एकाच आजाराला चिकटला. 1936 मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, 1949 मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. तेव्हा हाच रूढ शब्द होता आणि ज्यांनी तो संस्थेच्या नावात घातला, त्यांनी आपलं अख्खं आयुष्य त्या माणसांना दिलं. म्हणून शब्द वाईट की चांगला, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. एखाद्या काळी, एखाद्या वाक्यात तो शब्द माणसाचं काय करतो, हे पाहावं लागतं.

हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला तो रुग्णांनीच, आणि तोही वृत्तपत्रातून. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कारव्हिल इथे कुष्ठरोगाचं सरकारी रुग्णालय होतं. तिथे दाखल झालेल्या स्टॅन्ली स्टाइन यांनी 1931 मध्ये रुग्णांचं नियतकालिक सुरू केलं. तेच पुढे ‘द स्टार’ म्हणून प्रसिद्ध झालं. स्टॅन्ली स्टाइन हे त्यांचं खरं नाव नव्हे. घरच्यांवर डाग नको म्हणून तिथे येणारे अनेकजण नाव बदलत, तसं त्यांनीही बदललं होतं. ‘लेपर’ हा शब्द छापू नका, यासाठी ‘द स्टार’ने वर्षानुवर्षं लढा दिला. याच कारव्हिलमध्ये 1941 मध्ये प्रोमिन हे औषध कुष्ठरोगावर गुणकारी ठरलं. एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला शब्द, अशा दोन्ही गोष्टी एकाच आवारात बदलत होत्या, आणि माझ्या मते त्या एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या. रोग बरा होऊ लागला तसा रोगाच्या नावाने माणसाला कायमचं बांधणं हे क्रूर तर ठरलंच, पण चुकीचंही ठरू लागलं. 1948 मध्ये हवाना इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने ‘लेपर’ शब्द सोडून ‘कुष्ठरोगाचा रुग्ण’ म्हणावं, अशी शिफारस केली.

ही पहिली पायरी. आपल्याकडे ती ‘महारोगी’कडून ‘कुष्ठरोगी’कडे अशी आली आणि बरीच वृत्तपत्रं तिथेच थांबली. रोगाचं नाव बदललं, पण माणूस अजून रोगाच्याच नावाने ओळखला जात होता. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आता सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या, पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच संसर्गाचा धोका जवळपास संपतो, आणि कोर्स पुरा झाला की रोग बरा. पण उपचार उशिरा सुरू झाले असतील, तर नसांना झालेली इजा मागे राहते. वाकडी बोटं, बधिर तळवे, नीट न मिटणारे डोळे हे सगळं रोग गेल्यावरही दिसत राहतं. बातमीदार हे हात पाहतो आणि लिहितो ‘कुष्ठरोगी’. अनेकदा त्या माणसाच्या शरीरात तीस वर्षांपासून जंतू नसतो. म्हणजे इथे अडचण सभ्यतेच्या आधी माहितीची आहे. बातमी चुकीची आहे.

आता हे एका कॉपीवर पाहू. कॉपी मी उदाहरणासाठी रचली आहे, पण अशा मजकुराशी डेस्कवरच्या कुणाचाही परिचय असेल. मथळा: ‘महारोग्याला रेशन नाकारले’. खाली मजकूर: ‘शहरातील एका महारोगी वृद्धाला सोमवारी रेशन दुकानदाराने हाकलून दिले. हाताची बोटे झडलेल्या या वृद्धाचा अंगठा मशिनवर उमटत नसल्याने हा प्रकार घडला. महारोगाने ग्रस्त हा अभागी जीव तीन महिन्यांपासून धान्याविना आहे.’

घाईतला उपसंपादक ‘महारोगी’च्या जागी ‘कुष्ठरोगी’ करतो आणि पान सोडतो. थोडा सावध असेल तर ‘कुष्ठमुक्त’ करतो. पण ‘कुष्ठमुक्त’ लिहायला आधी बातमीदाराला फोन करावा लागतो: उपचार पुरे झालेत का, कधी, आणि हे कोण सांगतंय? उपचार चालू असतील तर ‘कुष्ठमुक्त’ हेही खोटंच, मग ‘कुष्ठरोगावर उपचार घेत असलेले’ म्हणावं लागेल. समजा, उत्तर आलं की पंचवीस वर्षांपूर्वीच ते बरे झालेत. पुढचा शब्द ‘झडलेल्या’. कुष्ठरोगात बोटं झडून पडत नाहीत. नसा बधिर झाल्याने चटके आणि जखमा कळत नाहीत, त्या चिघळतात, हाडं झिजतात आणि बोटं आखूड होत जातात. ‘झडणे’ हे क्रियापद हात सडून गळत असल्याचं चित्र उभं करतं, आणि लोक ज्या भीतीने रांगेत दूर सरकतात, तीच भीती छापून घरोघर पोचवतं. ‘अभागी जीव’ तर काढूनच टाकायचा. तो बातमीदाराचा शेरा आहे, आणि शेऱ्याने माणूस लहान होतो.

एवढं केल्यावर मथळ्याकडे परत यावं लागतं. रेशन का नाकारलं? अंगठा उमटला नाही म्हणून. तेच शेतमजुराचं होतं, बांधकामावरच्या बाईचं होतं, झिजलेल्या ठशांच्या म्हाताऱ्यांचं होतं. बातमी मशिनची आणि दुकानदाराची आहे. तेव्हा मथळा होतो: ‘अंगठा उमटत नाही म्हणून वृद्धाला तीन महिने रेशन नाही’. रोग मथळ्यातून गेला, मजकुरात तिसऱ्या वाक्यात आला: ‘या गृहस्थांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता, तो बरा झाला असला तरी बोटे आखूड झाल्याने ठसा उमटत नाही.’ इथे रोगाचं नाव राहायलाच हवं, कारण त्याशिवाय वाचकाला कारण कळणार नाही. आणि मग उपसंपादकाला न विचारलेला प्रश्न दिसतो: ठसा उमटत नसेल तर पर्यायी व्यवस्थेने धान्य द्यायचं असतं, ती का वापरली नाही? पुरवठा अधिकारी काय म्हणतात? ‘महारोगी’ शब्द होता तोवर हा प्रश्न झाकलेला होता. महारोग्याला हाकललं यात वाचकाला नवल वाटत नव्हतं, म्हणून कारण शोधायची गरजही कुणाला वाटत नव्हती.

समजा दुकानदार बातमीदाराला म्हणाला, ‘‘महारोग्यांना रांगेत उभं केलं तर गिऱ्हाईक येत नाही.’’ हा शब्द बदलायचा नाही. तो भेदभावाचा पुरावा आहे, आणि तो गोड करून छापला तर दुकानदार सुटतो. अवतरणचिन्हात ठेवायचा, कोण बोललं ते लिहायचं, मथळ्यात घ्यायचा नाही. संस्थांची नावंही अशीच. संगणकावर एका झटक्यात सगळीकडे शब्द बदलणारा ‘महारोगी सेवा समिती’ची ‘कुष्ठरोगी सेवा समिती’ करून बसतो, आणि ती संस्था अस्तित्वातच नसते. जुन्या कायद्याचं नावही जसं होतं तसंच लिहायचं.

अग्रलेखांतलं ‘भ्रष्टाचाराचा महारोग’ मात्र मला अजिबात चालत नाही. तिथे कुणी रुग्ण दिसत नाही म्हणून लेखणी बिनदिक्कत चालते. पण या एका वाक्याने हजारो वाचकांना पुन्हा सांगितलं जातं की घाणेरडं, सडलेलं, दूर ठेवण्यासारखं काही असेल तर ते हे. ‘श्वेतकुष्ठ’ या शब्दानेही असंच नुकसान होतं. अंगावर पांढरे डाग येणं म्हणजे कोड. त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. बातमीत एक ‘कुष्ठ’ पडला की त्या घरातल्या मुलीच्या स्थळांवर परिणाम होतो.

शब्दांमागून कायदाही हळूहळू हलला. 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कुष्ठबाधित व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठी तत्त्वं मांडली. 2015 मध्ये विधी आयोगाने आपल्या 256व्या अहवालात भेदभाव करणाऱ्या कायद्यांची यादी दिली, आणि 2019 मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण वैयक्तिक कायद्यांतून काढलं गेलं. तोवर जोडीदाराला हा रोग असल्याचं कारण देऊन न्यायालयात घटस्फोट मागता येत होता. त्याचबरोबर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती’ अशी नोंद आहे, म्हणजे सवलत हवी तर रोगाचं नाव प्रमाणपत्रावर वागवावं लागतं. प्रमाणपत्राला तो तपशील लागतो. बातमीला दर वेळी लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या त्या तत्त्वांत कुटुंबीयांचा उल्लेख आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. निकालाच्या दिवसांत ‘कुष्ठरोग्याच्या मुलीचे बारावीत यश’ अशा बातम्या मोठ्या कौतुकाने छापल्या जातात. लिहिणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण मुलगी उद्या शहरात खोली शोधायला जाणार असते, आणि तिच्या नावासमोर वडिलांचा चाळीस वर्षांपूर्वी बरा झालेला रोग कायमचा छापलेला असतो. काही मुलींना ते लपवायचं नसतं. कुष्ठबाधितांच्या ज्या वसाहतीने वाढवलं तिचा त्यांना अभिमान असतो, आणि तो आपण पुसला तर तेही त्यांच्यावर लादणंच झालं. म्हणून बातमी सोडण्याआधी त्या मुलीला विचारायचं. ती हो म्हणाली तर वसाहतीचं नाव ती सांगेल तसं छापायचं, नाही म्हणाली तर फक्त कॉलेजचं आणि गुणांचं.