शिफारस मागताना

परदेशात मार्केटिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा, तर शिकवलेल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. मालवण-कुडाळकडचा बी.एम.एस.चा विद्यार्थी ते मागायला जातो तेव्हा पुष्कळदा उत्तर मिळतं, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. तरीही शिफारसपत्र ही साक्ष आहे, आणि ज्याच्याबद्दल साक्ष द्यायची त्यानेच ती लिहिली तर तिला साक्ष म्हणता येत नाही. मग विद्यार्थ्याने प्राध्यापकांना काय लिहून द्यावं? माझं उत्तर असं आहे की त्याने वस्तुस्थिती सगळी द्यावी, निष्कर्ष एकही देऊ नये.

समजा, एका विद्यार्थिनीने तिसऱ्या वर्षी चार जणांच्या गटात तारकर्लीतल्या घरगुती निवासांवर प्रकल्प केला: पर्यटक थेट फोन करून येतात की संकेतस्थळावरून, हा त्याचा प्रश्न. प्रकल्पाला शंभरपैकी ८२ गुण मिळाले. विनंतीपत्रात 'आमच्या प्रकल्पाला ८२ गुण होते' एवढंच लिहिलं, तर ते खोटं नाही, पण त्या गुणांत तिचा वाटा किती हे शिफारस लिहिणाऱ्या मॅडमना कळत नाही. तिने असं लिहावं: 'अठरा मालकांच्या मुलाखती मी घेतल्या, सादरीकरण दुसऱ्या दोघांनी केलं. वर्षाला किती पाहुणे येतात, या माझ्या पहिल्या प्रश्नाला मोघम उत्तरं आली. तुम्ही खूण केल्यावर मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोणत्या दिवशी किती खोल्या भरल्या होत्या असं विचारलं, आणि मालकांनी वह्या काढल्या.' हे वाचल्यावर मॅडमना ती मुलगी आठवते. चुकलेला प्रश्न कसा दुरुस्त केला, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं, म्हणून त्या ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात. 'मी अत्यंत विश्लेषक वृत्तीची आहे' हे वाक्य मात्र तिने लिहू नये. ते ठरवणं मॅडमचं काम आहे.

गुणांचंही तसंच. ग्राहक-वर्तनात ७८ आणि संख्याशास्त्रात ५२ असतील, तर दोन्ही लिहावेत. गुणपत्रिका अर्जासोबत जातेच, त्यामुळे ५२ लपत नाहीत. ते मॅडमना आधी कळले नाहीत, तर त्या 'आकडेमोडीत पक्की' असं लिहून बसतील, आणि प्रवेश समितीपुढे त्यांचाच शब्द हलका पडेल. प्रकल्पातल्या तक्त्यांचं काम तिने नीट केलं असेल, तर त्या तेवढंच लिहितील, आणि ते खरं असेल.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. वर्गात साठ मुलं, पेपर तपासणी, परीक्षेची कामं. प्राध्यापक कधी लिहिणार? अडचण खरी आहे, म्हणूनच मुदतीच्या चार आठवडे आधी एक पानाचं विनंतीपत्र, सोबत प्रकल्पाची प्रत आणि गुणपत्रिका द्यायची. एवढं हाताशी असलं की पत्र तासाभरात होतं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: बाकीचे स्वतःच लिहून नेतात, मग आमच्या मुलांनीच मागे का राहायचं? पण स्वतः लिहिलेलं शिफारसपत्र आणि अर्जातलं स्वतःचं निवेदन एकाच समितीसमोर जातं, आणि दोन्हींची शब्दकळा सारखी असली की वाचणाऱ्याला ती दिसते. शिवाय अनेक विद्यापीठं प्राध्यापकांनाच दुवा पाठवून विचारतात की ही मुलगी तुमच्या वर्गात कितव्या क्रमांकाच्या आसपास होती. त्याचं उत्तर विद्यार्थिनीला लिहून देता येत नाही. आणि असं काही पकडलं गेलंच नाही, तरी तिच्याइतक्याच लायक दुसऱ्या उमेदवारावर अन्याय होतो, हे उरतंच.

१९१६ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबियाहून लंडनला गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल कोलंबियातले त्यांचे शिक्षक प्रा. एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना लिहिलं होतं. पुढे १९२५ मध्ये आंबेडकरांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ आला, त्याला प्रस्तावनाही सेलिग्मन यांचीच. विद्यार्थ्याचं काम माहीत असलेल्या शिक्षकाने स्वतः लिहिलेल्या शब्दाचं वजन ते हेच.

विनंतीपत्रात आणखी एक वाक्य हवं, आणि ते लिहायला सगळ्यात जड जातं: 'माझ्याबद्दल ठामपणे चांगलं लिहिता येणार नाही असं वाटत असेल, तर तसं सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन.' नकाराची वाट मोकळी असली, तरच होकाराला अर्थ येतो. भिडेपोटी दिलेलं कोमट पत्र विद्यार्थ्याचं नुकसानच करतं.

आता विनंती प्राध्यापकांना. यंदा कुणी विद्यार्थी दारात आला, तर त्याच्याकडून तयार मसुदा मागू नका. त्याने काय केलं, त्यात त्याचा वाटा किती आणि गुण किती, हे एका पानावर मागा. पत्र तुम्ही लिहा.