छायाचित्रातला श्लोक

जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र समोर ठेवून त्यातील श्लोक उतरवू पाहणारा मनुष्य बहुधा डोळ्यांवरच सारी भिस्त ठेवतो. परंतु कागदाच्या घडीत अनुस्वार लपतो, शाईचा ठिपका अनुस्वाराचे सोंग घेतो आणि 'भ'ची गाठ बुजली की त्याचा 'म' होतो, तेव्हा एकट्या डोळ्याची साक्ष ग्राह्य धरून निकाल देणे धोक्याचे आहे. दाखल्यापुरती अनुष्टुभाची ही अर्धी जोडणी मीच करून देतो. तिच्या काव्यगुणांची कोणी चौकशी करू नये.

वर्षान्ते निर्मलं तोयं नदीनां शनकैरभूत् ।

या छंदात चरणाची अक्षरे आठ, प्रत्येक चरणात पाचवे लघु आणि सहावे गुरु, हा सर्वसाधारण दंडक. 'निर्मलं'वरील अनुस्वार छायाचित्रात उडाला, तर सहावे अक्षर लघु होऊन वृत्त तत्काळ तक्रार करते. 'नदीनां'वरील उडाला, तर मात्र वृत्त मूग गिळून बसते, कारण 'ना' मूळचेच दीर्घ. तेथे षष्ठीचे अनेकवचन जाणणारे व्याकरणच कामास येते. 'अभूत्'चे 'अमूत्' झाले, तर मात्रा जागच्या जागी राहतात आणि अर्थ तेवढा नाहीसा होतो.

लिप्यंतरात मराठी माणसाची अडचण निराळी. आपली जीभ शब्दामधला 'अ' गिळते. 'शनकैः' आपण सहज 'शन्कैः' म्हणतो आणि रोमन अक्षरांतही तसेच उतरवतो, त्यामुळे दुसऱ्या चरणाची अक्षरे सातच भरतात. म्हणून लिप्यंतरानंतर अक्षरे पुन्हा मोजावीत, आणि दीर्घ स्वरांवरील रेघ व 'ष'खालील टिंब टाळू नये.

आता पदे सोडवू: वर्षान्ते, निर्मलम्, तोयम्, नदीनाम्, शनकैः, अभूत्. शेवटच्या दोहोंचा संधी होताना विसर्गाचा 'र' झाला आहे. खरी मेख पहिल्या पदात आहे. 'वर्ष' आणि 'अन्त' मिळूनही 'वर्षान्त' होतो, 'वर्षा' आणि 'अन्त' मिळूनही तोच. मराठी वाचकाला सवयीने वर्षअखेर दिसते, आणि संधीचे नियम दोन्ही पक्षांना सारखाच कौल देतात. वृत्तही येथे तटस्थ आहे. निवाडा करतो तो प्रसंग: गढूळ नद्या निवळतात त्या पावसाळा सरल्यावर, शरदात, म्हणून येथे वर्षा म्हणजे पर्जन्यकाल. मग तोयम् म्हणजे पाणी, शनकैः म्हणजे हळूहळू, आणि अभूत् म्हणजे झाले, असा शब्दार्थ लागतो. आणि अन्वय लावला की सरळ मराठी होते: पावसाळ्याच्या अखेरीस नद्यांचे पाणी हळूहळू स्वच्छ झाले.

या वाक्यात 'जणू मन निवळावे तसे' अशी पुस्ती जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती भाष्यात शोभेल. अनुवादात मुळीच नको, कारण शब्दार्थांच्या यादीत तिला आधार नाही. आणि छायाचित्रात जे अक्षर दिसलेच नाही, केवळ वृत्तावरून किंवा अर्थावरून ठरवले, ते कंसात घालावे, म्हणजे मूळ पुस्तक हाती असलेल्या वाचकाला ते ताडून पाहता येईल.